मुलाखतीहून आल्यावर वहीत काय लिहायचं?

आमच्या ग्रामसंघाच्या कपाटात, हजेरी वही आणि कर्ज नोंदवहीच्या खाली, निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही असते. तिला आम्ही 'मुलाखतीची वही' म्हणतो. गटातली बाई, किंवा तिची लेक, सून, नोकरीच्या मुलाखतीला जाऊन आली की तिनं त्या वहीत दोन पानं लिहायची, आणि पुढच्या मुलीनं जाण्याआधी ती वाचायची. एवढंच त्या वहीचं काम.

आज त्या वहीतल्या एकाच नोंदीबद्दल आम्ही बोलणार आहोत. ती नोंद आम्हाला दोनदा लिहावी लागली. पहिल्यांदा लिहिली तेव्हा ती वाचून दोन मुली घरी बसणार होत्या. जिची ती नोंद आहे तिनं सांगायला परवानगी दिली आहे, पण तिचं नाव आम्ही घेणार नाही. जिथे मुलाखत झाली त्या संस्थेचंही नाही.

झालं असं. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लिपिकाच्या दोन जागा निघाल्या. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बी.कॉम. झालेली, एमएस-सीआयटी केलेली. आईच्या गटाचा महिन्याचा हिशेब तीच लिहायची. सकाळची एसटी पकडून, अर्धं तिकीट काढून ती गेली आणि संध्याकाळी परत आली ती रडवेली होऊन. त्याच रात्री तिनं वहीत लिहिलं. ते असं होतं:

"मला ११ वाजता बोलावलं आणि साडेतीन तास ताटकळत ठेवलं. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तिथला कीबोर्ड मुद्दाम वेगळा ठेवला होता, त्यामुळे माझं टायपिंग बिघडलं. व्याजाचं अवघड गणित घालून चूक काढली. एका प्रश्नाला मी बरोबर उत्तर दिलं तरी माझ्यावर हसले. लग्नाबद्दल नको ते विचारलं. पगार सांगितलाच नाही. एक मुलगी साहेबांना काका म्हणत होती, म्हणजे जागा आधीच ठरलेल्या होत्या, आम्हाला नुसतं दाखवायला बोलावलं. त्या संस्थेत कुणीही जाऊ नका."

चूक पुढे आमच्याकडून झाली. महिन्याच्या सभेत आम्ही ही नोंद आहे तशी वाचून दाखवली. त्याच संस्थेच्या बाजाराच्या गावातल्या शाखेसाठी आमच्या दोन मुलींनी अर्ज भरले होते. एकीचे वडील बाहेर ओट्यावर बसून ऐकत होते. ते तिथूनच म्हणाले, "मग कशाला जायचं? गाडीभाडं फुकट." दुसरी काही बोलली नाही, पण तिनं अर्जाची पावती पिशवीत खाली सरकवली ते आम्ही पाहिलं.

तेवढ्यात आमच्या बँक सखी ताईंनी एक साधा प्रश्न विचारला. "व्याजाचं गणित होतं कोणतं?" वहीत ते नव्हतं. टायपिंग किती मिनिटांचं होतं? तेही नव्हतं. हसले तो प्रश्न कोणता? नव्हता. दोन मुलींना दोन आठवड्यांनी त्याच खोलीत बसायचं होतं आणि आमच्या वहीत त्यांच्या कामाची एकही ओळ नव्हती. होता तो राग. राग खरा होता, पण रागावरून अभ्यास कसा करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या मुलीला घेऊन बसलो. तिला आधी वाईट वाटलं. म्हणाली, "म्हणजे मी खोटं लिहिलं का ताई?" आम्ही म्हटलं, खोटं नाही. पण तुझ्या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. तांदूळ निवडताना खडा वेगळा, कणी वेगळी करतो, तसं करून बघू. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यावर खूण केली. डोळ्यांनी पाहिलं किंवा कानांनी ऐकलं, त्यावर 'प'. मनाला वाटलं, त्यावर 'व'. आणि त्यावरून आपण काढलेला तर्क, त्यावर 'त'.

पहिलं वाक्य बघा. "साडेतीन तास ताटकळत ठेवलं." ११ वाजता पोहोचली, २ वाजून २० मिनिटांनी आत गेली. हे 'प'. म्हणजे तीन तास वीस मिनिटं, साडेतीन नाही. दहा मिनिटांनी काय बिघडतं असं वाटेल. पण उद्या कुणी विचारलं आणि आपला एक आकडा चुकीचा निघाला, की बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आता "ताटकळत ठेवलं" यात एक तर्क दडला आहे, की मुद्दाम बसवलं. ते तपासायला आम्ही तिला विचारलं, उमेदवार किती होते? चौदा. तुझा नंबर कितवा? बारावा. एकेकाला किती वेळ लागत होता? साधारण पाव तास.

मग हिशेब सोपा आहे. तिच्या आधी अकरा जण, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे १६५ मिनिटं. पावणेतीन तास. मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी झाली होती. ११ वाजता सुरू केलं तर बाराव्या उमेदवाराचा नंबर सव्वादोनलाच येणार. मुद्दाम काही नव्हतं, रांग होती. तिच्या जागी पहिल्या नंबरची मुलगी असती तर तिनं लिहिलं असतं, "किती वेळेवर काम आहे!"

पण म्हणून संस्थेचं सगळं बरोबर, असंही नाही. रांगेचा क्रम कुणी सांगितला नव्हता, कुठे लावला नव्हता, आणि सगळ्यांना एकच ११ ची वेळ दिली होती. हेही 'प' आहे. ते लिहायचं. त्यातून पुढच्या मुलीच्या कामाची गोष्ट निघते. गेल्याबरोबर कारकुनाला विचार, "माझा नंबर कितवा?" डबा आणि पाण्याची बाटली सोबत घे. आणि परतीची चारची गाडी चुकली तर पुढची कितीला आहे ते आधी बघून ठेव.

दुसरं, कीबोर्ड. "मुद्दाम वेगळा ठेवला होता." तिला आम्ही विचारलं, तू शिकलीस कोणत्या पद्धतीवर? ती म्हणाली, इंग्रजी अक्षरं टाकायची आणि मराठी उमटतं, तसं. म्हणजे 'kamal' टाकलं की 'कमल'. मोबाईलवर आपण सगळ्या तेच करतो. आम्ही पतसंस्थेत फोन केला. तक्रार केली नाही, फक्त विचारलं की आमच्या आणखी मुली येणार आहेत, टायपिंग कशावर असतं? तिकडच्या बाईंनी लगेच सांगितलं, "इनस्क्रिप्टवर. आमचं रोजचं काम त्याच्यावरच चालतं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठी ठरवून दिलेली कीबोर्डची मांडणी आहे. विंडोज संगणकात ती आधीपासून असते, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की मिळते. तिच्यात काना, मात्रा, वेलांटी डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. 'k' दाबलं की 'क' येतो, पण 'h' दाबलं की 'प' येतो, 'l' दाबलं की 'त' येतो. जोडाक्षरासाठी पाय मोडायचा तर 'd' दाबायचं. इंग्रजीवरून मराठी टाकायची सवय असलेली मुलगी यात पहिल्या ओळीतच अडकते. आमच्या मुलीचं तेच झालं. तिथल्या लोकांनी कीबोर्ड बदलला नव्हता, तिला जो येत होता तोच तिथे नव्हता.

मग वाक्य असं झालं: "टायपिंग इनस्क्रिप्टवर होतं, मला ती पद्धत येत नव्हती, दहा मिनिटांत पाच ओळी झाल्या." हे लिहायला तिला जड गेलं, कारण यात कमीपणा आपल्याकडे येतो. पण पुढच्या मुलीला नोंदीतली सगळ्यात उपयोगाची ओळ हीच आहे. "मुद्दाम वेगळा" वाचून ती काही करू शकत नाही. "इनस्क्रिप्ट" वाचून ती संगणक केंद्रात जाऊन दोन आठवडे रोज अर्धा तास बसू शकते.

तिसरं, व्याजाचं गणित. हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, म्हणून जरा थांबून बघू. तिथल्या प्रश्नातले आकडे आम्ही इथे बदलले आहेत, पद्धत तीच ठेवली आहे. आकडे पाठ करून गेलेल्या मुलीला गणित येत नसतंच, आणि संस्थेनं तोच कागद पुन्हा काढला तर इतरांवर अन्याय होतो. वहीतही आम्ही असंच करतो.

समजा १०,००० रुपयांचं कर्ज दिलं, दर साल १२ टक्के. ५ एप्रिलला उचल, ४ जुलैला फेड. व्याज किती? आमच्या मुलीनं चटकन सांगितलं, ३०० रुपये. बचत गटात आपण असंच काढतो. वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का, महिन्याचे १०० रुपये, तीन महिन्यांचे ३००. आपल्या वहीत हे बरोबर आहे, कारण आपला नियमच महिन्याचा आहे.

पण पतसंस्थेत किंवा बँकेत अशा कर्जाचे दिवस मोजतात. ५ एप्रिलपासून एप्रिलचे २५ दिवस, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ४. एकूण ९०. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, आणि त्याला ३६,५०० नं भागायचं. हे ३६,५०० म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस आणि टक्क्याचे १००, यांचा गुणाकार. म्हणजे १०,००० गुणिले १२ गुणिले ९०, भागिले ३६,५००. उत्तर येतं २९५ रुपये ८९ पैसे. तीनशे आणि यात फरक चार रुपये अकरा पैशांचा. पण शेकडो खात्यांवर असा फरक पडला तर दिवसाचा हिशेब जुळत नाही, आणि लिपिकाचं कामच तो जुळवायचं आहे. तेव्हा गणित अवघड नव्हतं, मुद्दामही नव्हतं. ते त्या नोकरीचं रोजचं गणित होतं.

चौथं, "बरोबर उत्तर दिलं तरी हसले." प्रश्न काय होता, ते आम्ही तिच्याकडून शब्दाशब्दाने काढून घेतलं. ग्राहकानं पैसे भरायची स्लिप दिली आहे. अक्षरी लिहिलं आहे 'बारा हजार तीनशे ऐंशी', अंकी लिहिलं आहे '१२,८३०'. नोटा मोजल्या तर भरतात १२,३८०. तू काय करशील? ती म्हणाली, "अंकी आकडा खोडून मी १२,३८० करीन आणि शिक्का मारीन." समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

आमच्या बँक सखी ताईंनी हे ऐकलं आणि त्याही जरा हसल्या. मग त्यांनी समजावलं. रक्कम तिनं बरोबर ओळखली. पण ग्राहकाच्या कागदावर लिपिकानं स्वतःच्या हातानं खाडाखोड करायची नसते. उद्या तो ग्राहक म्हणाला, "मी १२,८३० भरले होते, तुमच्या बाईनं आकडा बदलला," तर खोडलेलं अक्षर लिपिकाचं निघतं आणि ती अडकते. अशा वेळी नोटा ग्राहकासमोर पुन्हा मोजायच्या, स्लिप परत द्यायची आणि त्याच्याच हातानं नवी लिहून घ्यायची. हे बँक सखीला कामाच्या सवयीनं ठाऊक असतं, घरी बसलेल्या मुलीला कसं ठाऊक असणार?

म्हणून नोंदीत आता असं आहे: "दोघं एकमेकांकडे बघून हसले, का ते सांगितलं नाही, मला वाईट वाटलं." हसले हे 'प', वाईट वाटलं हे 'व'. दोन्ही ठेवलं. 'अपमान करायला हसले' हा तर्क तेवढा काढला. तिचं वाईट वाटणं खोडायचा अधिकार आम्हाला नाही, तिनं ते 'मला वाटलं' म्हणून लिहिलं की झालं.

आता पाचवी गोष्ट. ही तपासल्यावर विरघळली नाही, उलट घट्ट झाली. "लग्नाबद्दल नको ते विचारलं." आम्ही विचारलं, नेमकं काय? तिनं सांगितलं, "लग्न ठरलंय का? ठरल्यावर सोडून जाणार असशील तर आम्हाला काय उपयोग?" तिच्याजवळ त्या दिवशी ओळख झालेल्या तिघांचे नंबर होते, एक मुलगी आणि दोन मुलगे. तिघांना फोन लावले. त्या मुलीलाही हाच प्रश्न झाला होता. दोन्ही मुलग्यांना झाला नव्हता. त्यातल्या एकाचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं.

बघा, "नको ते विचारलं" यात वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एखादीच्या मनात याहून भलतंच येईल, आणि ते संस्थेवर अन्याय करणारं ठरेल. उलट एखादी म्हणेल, असेल काहीतरी किरकोळ. पण "दोन मुलींना विचारलं, दोन मुलग्यांना विचारलं नाही, बाकी दहा जणांचं माहीत नाही" असं लिहिलं की ते कुणी झटकू शकत नाही. सारख्या कामासाठी भरती करताना बाई आहे म्हणून डावलायचं नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. अमुक प्रश्न विचारू नका अशी यादी त्यात नाही. पण मुलींना एक आणि मुलग्यांना दुसरं, ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहेच. संस्थेशी चांगलं बोलायचं म्हणून ती गाळायची नाही.

शिवाय पुढच्या मुलीला असं विचारलं तर तिनं काय म्हणायचं, हेही हवं. आम्ही सभेत म्हणून पाहिलं आणि हे उत्तर ठरलं: "सर, कामाची वेळ आणि शाखा कोणती ते सांगा. ते मी पाळू शकते का, ते मी आत्ताच सांगते." खोटंही बोलायचं नाही आणि घरची सगळी हकीकतही सांगत बसायची नाही. बोलणं कामावर आणायचं.

राहिला पगार आणि ठरलेल्या जागा. पगाराचं विचारल्यावर ती ओशाळली, "मीच विचारला नाही." मग तसंच लिहिलं. आणि 'काका' म्हणणारी मुलगी? अहो, आपल्याकडे दुकानदारालाही काका म्हणतात. ती खरंच पुतणी असेलही, पण आपल्याला माहीत नाही. मुलाखतीला आठच दिवस झाले होते, निकालही लागला नव्हता. "जागा आधीच ठरलेल्या होत्या" हे वाक्य आम्ही पूर्ण काढलं. नाव घेऊन असा आरोप लिहिला, चार लोकांत वाचला आणि सिद्ध करता आला नाही, तर तो अब्रूनुकसानीचा गुन्हाही होऊ शकतो. ती भीती बाजूला ठेवली तरी, त्या ओळीनं दोन मुलींचा प्रयत्नच थांबत होता, आणि आमच्याकडे पुरावा फक्त 'काका' या एका शब्दाचा होता.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. काही गोष्टी वहीत लिहून भागत नाहीत. मुलाखतीत कुणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर तो लैंगिक छळ आहे. २०१३ च्या कायद्यात नोकरीला नसलेल्या बाईलाही तक्रार करता येते. संस्थेत अंतर्गत समिती असेल तर तिथे, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. ती तक्रार आणि त्यातली नावं जाहीर करायला त्या कायद्यानंच मनाई आहे, म्हणून ती वहीत येता कामा नये. आणि नोकरीसाठी कुणी आधी पैसे मागितले तर पैसे द्यायचे नाहीत. तारीख, वेळ, माणूस, आकडा लिहून ठेवून पोलिसांकडे जायचं. अशा वेळी 'मालकावर अन्याय नको' म्हणून गप्प बसायचं नसतं.

आता त्या मुलीनं दुसऱ्यांदा लिहिलेली नोंद वाचतो. तिच्याच शब्दांत आहे.

"पतसंस्था, तालुक्याची मुख्य शाखा. लिपिकाच्या दोन जागा, चौदा उमेदवार. वेळ सगळ्यांना ११ ची. क्रम लावलेला नव्हता, माझा बारावा नंबर होता, २ वाजून २० मिनिटांनी आत गेले. पिण्याचं पाणी जिन्याजवळ होतं, मला उशिरा कळलं. जाताना डबा न्यावा आणि गेल्यावर नंबर विचारावा.

आधी टायपिंग, दहा मिनिटं, मराठी, इनस्क्रिप्टवर. मला ती पद्धत येत नव्हती, पाच ओळी झाल्या. जाण्याआधी दोन आठवडे तरी सराव करावा.

मग दोन साहेबांनी पाव तास प्रश्न विचारले. एक, दिवसांवरून व्याज काढणं. मी महिन्यांवरून काढलं, ते चुकलं. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६,५००. कोणत्या महिन्याचे दिवस किती, हे तोंडपाठ हवं. कॅल्क्युलेटर देतात. दोन, स्लिपवर अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी असेल तर काय कराल. मी खोडून दुरुस्त करीन म्हणाले. ग्राहकाकडून नवी स्लिप घ्यायची, असं बँक सखी ताईंनी नंतर सांगितलं. तेव्हा दोघं हसले, का ते सांगितलं नाही, मला वाईट वाटलं. तीन, नवीन खातं उघडायला कोणती कागदपत्रं लागतात. आधार, पॅन, फोटो सांगितलं. ते बरोबर म्हणाले.

मला विचारलं, लग्न ठरलंय का, ठरल्यावर सोडून जाणार असशील तर काय उपयोग. आणखी एका मुलीलाही हे विचारलं. ज्या दोन मुलग्यांना मी विचारलं त्यांना हा प्रश्न झाला नाही. बाकीच्यांचं माहीत नाही.

पगार मी विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे का' असं म्हणाले होते, तेव्हा विचारता आला असता. निकाल पंधरा दिवसांत फोनवर कळवू म्हणाले.

हे एका दिवसाचं आणि एका शाखेचं आहे. दुसरीकडे वेगळं असू शकतं."

मोजून बघा, 'जाऊ नका' कुठेच नाही आणि 'जा' सुद्धा नाही. ते वाचणारीनं ठरवायचं. लग्नाचा प्रश्न वाचून एखादी म्हणेल मला तिथे काम नको, तर तेही तिनं खरं वाचून ठरवलेलं असेल.

पुढच्या सभेत ही नोंद वाचली, आणि आधीची नोंद आम्ही तशीच वाचली ही आमची चूक होती, असंही सगळ्यांसमोर सांगितलं. ओट्यावरच्या वडिलांनी विचारलं, "ते टायपिंग कुठे शिकवतात?" दोघी मुली संगणक केंद्रात जायला लागल्या. एकीनं गटाच्या जुन्या कर्जांचं व्याज दिवसांवरून काढून पाहिलं. मुलाखत झाली, आणि परत आल्यावर दोघींनी वही मागून घेतली.

आमच्या पहिल्या मुलीला ती जागा मिळाली नाही. पंधरा दिवसांत फोनही आला नाही, विसाव्या दिवशी तिनंच केला तेव्हा जागा भरल्याचं कळलं. ती ओळही तिनं स्वतः येऊन नोंदीखाली लिहिली, तारखेसह. तिच्याखाली आता त्या दोघींच्या नोंदी आहेत. त्यात पहिली ओळ अशी आहे: "आम्हाला स्लिपचा प्रश्न आला नाही, पण टायपिंग इनस्क्रिप्टवरच होतं."

तुमच्या ग्रामसंघात अशी वही सुरू केलीत, तर पहिल्या पानावर पेन्सिलच्या तीन खुणा लिहून ठेवा. पाहिलं, वाटलं, तर्क. आणि आलेली नोंद सभेत वाचण्याआधी मुलीबरोबर बसून एकदा तपासा. आज इथेच थांबतो.